संप आधी की साचे आधी?

प्रश्न पाच गुणांचा होता: 'मुंबईतील गिरणी संपानंतर भिवंडीतील यंत्रमाग व्यवसाय वाढला. सकारण स्पष्ट करा.' नववीच्या इतिहासात 1960 नंतरचा भारत येतो. त्याला भिवंडीची जोड बाईंनी सराव चाचणीपुरती स्वतः दिली होती. धामणकर नाक्यावरून रोज शाळेत येणाऱ्या मुलांना हा प्रश्न जड जाऊ नये, असा त्यांचा हिशेब. वर्गातल्या एका हुशार मुलीला त्यात पाचपैकी दोन गुण मिळाले आणि तिचे आजोबा उत्तरपत्रिका घेऊन बाईंच्या घरी आले. मी तेव्हा तिथेच होतो.

आजोबा लालबागच्या एका गिरणीत साचेखात्यात बदली कामगार होते. संप सुरू असतानाच ते भिवंडीत आले आणि पुढची सगळी वर्षं त्यांनी इथेच साचे चालवले. नातीने जे लिहिलं होतं, ते त्यांच्या अंगावरून गेलेलं होतं. तिचं उत्तर असं होतं:

"1946 साली मुंबई औद्योगिक संबंध कायदा झाला. राष्ट्रीय मिल मजदूर संघ ही मान्यताप्राप्त संघटना होती. 1981 च्या दिवाळीत बोनसवरून कामगार नाराज झाले. ते डॉ. दत्ता सामंत यांच्याकडे गेले. 18 जानेवारी 1982 रोजी संप सुरू झाला. सुमारे अडीच लाख कामगार संपात उतरले. संप एक वर्षाहून जास्त चालला. 1983 साली केंद्र सरकारने 13 गिरण्यांचे व्यवस्थापन ताब्यात घेतले. 1985 साली नवे वस्त्रोद्योग धोरण आले. त्यानंतर भिवंडीत यंत्रमाग वाढले."

समासात लाल पेनाने तीन ठिकाणी 'का?' आणि शेवटच्या ओळीपुढे 'कशामुळे?' एवढंच लिहिलेलं. खाडाखोड नाही, फुली नाही.

आजोबा: बाई, यातलं चुकलंय काय ते दाखवा. मी स्वतः वाचलं. तारखा बरोबर, माणसं बरोबर, आकडा बरोबर.

बाई: काहीच चुकलेलं नाही. म्हणून तर दोन गुण दिले.

आजोबा: बरोबर लिहिलं म्हणून दोन, मग चुकीचं लिहिलं असतं तर काय दिलं असतं? पोरीने पाठ केलंय हो हे. सनावळी पाठ करायला किती त्रास होतो, तुम्हाला सांगायला नको.

बाई: प्रश्न परत वाचा ना. यंत्रमाग वाढले हे मीच प्रश्नात सांगून टाकलंय. मला विचारायचंय ते का वाढले. तिने दहा वाक्यं लिहिली आणि दहाव्या वाक्यात माझाच प्रश्न मला परत दिला.

आजोबा: पण आधीच्या नऊ वाक्यांतूनच ते येतं की. संप झाला, गिरण्या बंद पडल्या, साचे इकडे आले. वाचणाऱ्याला कळतं.

बाई: तुम्हाला कळतं, कारण मधलं सगळं तुम्हाला ठाऊक आहे. ते तुम्ही मनातल्या मनात भरून घेता. मी तसं भरून घ्यायला लागले तर गुण तिला नाही, मलाच द्यावे लागतील. बरं, एक करू. ही ओळ अंगठ्याने झाका, अडीच लाख कामगारांची. आता पुढचं वाचा. काही अडलं?

आजोबांनी खरंच अंगठा ठेवला. मग तो एक ओळ खाली सरकवला. मग अजून एक. दहा वाक्यांतलं कुठलंही एक झाकलं तरी बाकीची नऊ जशीच्या तशी उभी राहत होती. संप एक वर्षाहून जास्त चालला, हे वाक्य गायब झालं तरी 13 गिरण्यांच्या वाक्याला काही फरक पडत नव्हता, आणि 13 गिरण्या झाकल्या तरी 1985 चं धोरण आपल्या जागी होतंच. मला ही कसोटी आवडली. शिक्षकांनी नाही, मुलांनी पेपर देण्याआधी स्वतःच करून बघण्यासारखी आहे. कारण सांगणाऱ्या उत्तरात एक वाक्य काढलं की पुढचं लंगडं पडतं.

आजोबा: हे ठीक आहे. पण मला सांगा, कारण म्हणजे कोणाचं कारण? आमच्या चाळीत चौघांना विचारा. एक म्हणेल सामंतांनी ताणलं. दुसरा म्हणेल मजदूर संघाने दगा दिला. मालक म्हणतील, यंत्रं जुनी झाली होती, धंदा परवडत नव्हता. तारीख बदलत नाही, कारण माणसागणिक बदलतं. मग तुम्ही गुण कोणत्या पार्टीला देणार?

बाई: चौघांनाही देईन, जर त्यांनी कसं ते सांगितलं तर. 'सामंतांनी ताणलं' एवढं लिहिलं तर शून्य. ताणणं सामंतांना का शक्य झालं आणि तोडगा का निघाला नाही, हे लिहिलं तर गुण. आता तिच्याच पहिल्या दोन ओळी बघा, कायदा आणि मान्यताप्राप्त संघटना. तिने त्या नुसत्या लिहून सोडून दिल्या. पण सगळी गाठ तिथेच आहे. त्या कायद्याप्रमाणे एका भागातल्या एका उद्योगासाठी एकच संघटना मालकांशी करार करू शकत होती, आणि ती होती राष्ट्रीय मिल मजदूर संघ. कामगार होते सामंतांच्या मागे. म्हणजे ज्याच्या मागे लोक, त्याला बोलणी करायचा हक्क नाही. आणि ज्याला हक्क, त्याच्या मागे लोक नाहीत. सही कोण करणार? म्हणून संप लांबला. तो रीतसर मागे घेतला असं कधी झालंच नाही, यामागेही हेच आहे.

आजोबा: हे मात्र खरं. आम्ही तो कायदाच रद्द करा म्हणत होतो. पगाराबरोबर ती पण मागणी होती. आणि बदलीवाल्यांना कायम करा ही.

बाई: बघा. 1946 आणि 1982 या दोन ओळींच्या मध्ये 'त्यामुळे' घालायला तिला एक वाक्य पुरलं असतं. तिथे एक गुण होता.

आजोबा: पाच गुणांचं उत्तर लिहायला सात-आठ मिनिटं मिळतात. त्यात हे सगळं कधी लिहायचं? सनावळी लिहिली की निदान कोणी खोडू शकत नाही.

हा मुद्दा सहज उडवून लावण्यासारखा नाही. घड्याळ समोर असताना मुलं जे पक्कं आहे तेच कागदावर उतरवतात, आणि शिकवणीतही बऱ्याचदा तेच पढवलं जातं: मुद्दे लिहा, सन लिहा, खाली रेघ मारा. बाईंचं म्हणणं वेगळं होतं. दहापैकी पाच वाक्यं टाकून द्यायची आणि उरलेल्या पाचांना सांधायचं. शब्द तेवढेच राहतात. 13 गिरण्यांची ओळ खरी असली तरी या प्रश्नाला ती लागत नाही. ती ओळ सोडून द्यायलाही विषय कळावा लागतो, आणि परीक्षक नेमकं तेच तपासत असतो.

बाई: आता मला तुम्ही सांगा. संप चालू होता तेव्हा मालक इतके महिने गप्प कसे बसू शकले? गिरणी बंद म्हणजे कापड बंद. कापड बंद म्हणजे पैसा बंद. तरी ते वाकले नाहीत.

आजोबा: सुरुवातीला गोदामात माल पडलेला होता. मंदीच होती. त्यांना बंद परवडलाच.

बाई: आणि तो माल संपल्यावर?

आजोबा थोडे थांबले. मग त्यांनी जे सांगितलं ते उत्तरपत्रिकेत नव्हतं, आणि बाईंच्या प्रश्नाचं उत्तर मात्र त्यातच होतं.

आजोबा: मी जूनच्या सुमारास इकडे आलो. गावाकडचा एक जण निजामपुऱ्यात साचे चालवत होता, त्याने बोलावलं. चोवीस साच्यांचा कारखाना. मला चार साचे दिले. बारा तासांची पाळी, मजुरी पिकावर. गिरणीतला महागाईभत्ता, रजा, काही नाही. पण काम इतकं की दिवसरात्र पट्टे फिरत होते. एक दिवस बीम चढवला आणि कापड निघायला लागलं, तर मला ओळखीचं वाटलं. सूत तेच, पन्हा तोच, पिक तेवढेच. आमच्या खात्यात हाच सॉर्ट निघायचा. मी शेठला विचारलं, हे कोणाचं? तो म्हणाला, तुला काय करायचंय, ग्रे माल आहे, प्रोसेसला जाईल, तिथे शिक्का बसेल. कोणाचा शिक्का, ते मला समजलं.

बाई: म्हणजे संपावर असलेल्या गिरणीचं कापड, संपावर असलेला कामगार भिवंडीत विणत होता.

आजोबा: घरी दोन पोरं होती, बाई.

बाई: मी तुम्हाला दोष देत नाही.

आजोबा: देत नाही, पण उत्तरात लिहायचं म्हणता. म्हणून मला ती यादी बरी वाटते. यादीत कोणाचा दोष नसतो. संप झाला, गिरण्या गेल्या, साचे वाढले. पाऊस पडला, नदीला पूर आला, असं. तुमचं 'का' आलं की कोणीतरी गुन्हेगार होतो.

यादीच्या बाजूने ऐकलेलं हे सगळ्यात प्रामाणिक बोलणं. मुलं आळसाने यादी करतात असं आपण धरून चालतो. पण ज्यांच्या घरात त्या घटना घडल्या, त्यांच्याकडे यादी सांभाळून ठेवण्याची कारणंही असतात. बाई मात्र त्यावर रेंगाळल्या नाहीत, आणि ते बरंच झालं.

बाई: पण तुम्ही जे सांगितलंत ते तिच्या उत्तरात कुठे बसेल, सांगा. तिने भिवंडी सगळ्यात शेवटी लिहिली, 1985 च्याही नंतर. तुम्ही मात्र 1982 च्या जूनमध्ये भिवंडीत दिवसरात्र चालणारा कारखाना बघितला. तो कारखाना संपानंतर उभा राहिलेला नव्हता ना?

आजोबा: छे. तो शेठच्या वडिलांच्या काळातला. आधी हातमाग, मग पॉवरचे साचे. आणि हातमाग तर इथे त्याच्याही कितीतरी आधीचे. 1857 नंतर उत्तरेकडून मोमीन विणकर आले, तेव्हापासूनचे. पद्मानगरात तेलुगू विणकर आहेत ते वेगळे.

बाई: म्हणजे माझ्या प्रश्नातलं 'संपानंतर वाढला' हे अर्धंच. साचे आधीपासून होते. ते होते म्हणूनच मालकांना कापड मिळत राहिलं. कापड मिळत राहिलं म्हणून त्यांना तडजोडीची घाई नव्हती. घाई नव्हती म्हणून संप लांबला आणि गिरण्या खिळखिळ्या झाल्या. आणि गिरण्या खिळखिळ्या झाल्या तशी मागणी कायमची इकडे वळली, साचे आणखी वाढले. भिवंडी या गोष्टीत दोनदा येते. एकदा कारण म्हणून, एकदा परिणाम म्हणून. तारखेप्रमाणे लिहीत गेलं की ती एकदाच येते, तीही शेवटच्या ओळीत.

मला वाटतं, सगळ्या वादाचा गाभा इथे आहे. क्रमाने लिहिलेल्या उत्तरात माहिती कमी पडते असं नाही. क्रमाने लिहिताना एखादी गोष्ट जिथे पहिल्यांदा ठळक होते तिथेच ती मांडली जाते, आणि ती आधीपासून काय करत होती हे झाकलं जातं. 'त्यानंतर भिवंडीत यंत्रमाग वाढले' हे वाक्य वाचणाऱ्याला वाटेल की संपाआधी इथे भातशेतीच होती.

आजोबा: बरं, पण साचे आधीपासून इथे का होते, हे तरी तुमच्या पुस्तकात आहे का?

बाई: थोडं आहे, थोडं मी सांगते. 1950 च्या दशकात सरकारने गिरण्यांना नवे माग वाढवायला आडकाठी केली. हेतू असा की हातमागवाल्यांच्या पोटावर पाय येऊ नये. पण झालं भलतंच. गिरण्या थांबल्या, हातमाग त्या वेगाने विणू शकत नव्हता, आणि मधली जागा यंत्रमागाने घेतली. त्यात फॅक्टरी कायदा होताच, 1948 चा. वीज वापरणाऱ्या ठिकाणी दहा किंवा जास्त कामगार असले तर तो तेव्हा लागू व्हायचा.

आजोबा: म्हणून तर एका छपराखाली तीन नावांचे कारखाने! आमच्या चोवीस साच्यांवर एका पाळीला सहा माणसं. वर एक कांडीवाला आणि एक जॉबर. आठ झाले. नवव्याला शेठ उभाच करायचा नाही. शेजारचा मोठा शेड होता, त्याने मध्ये पत्रा मारला आणि एक भाग भावाच्या नावावर केला.

बाई: हे तुम्ही नातीला कधी सांगितलंत?

आजोबा: तिने कधी विचारलं नाही. ती तारखा विचारते.

बाई: हा पत्रा एका वाक्यात आला असता तर मी त्या वाक्याला पूर्ण गुण दिला असता. कापड इथे स्वस्त का पडत होतं, याचं उत्तर त्या पत्र्यात आहे. मजुरी पिकावर, कायद्याचा खर्च नाही, आणि मुंबईचा कापडबाजार टेम्पोच्या एका फेरीवर. मुंबई-आग्रा रस्त्यावर असण्याचा हाच फायदा.

मग बाईंनी त्याच उत्तरपत्रिकेच्या मागच्या कोऱ्या पानावर उत्तर लिहून दाखवलं. नऊ वाक्यं. मी ती उतरवून घेतली:

"भिवंडीत यंत्रमाग संपाच्या आधीपासून होते, कारण 1950 च्या दशकात गिरण्यांच्या मागांवर आलेल्या मर्यादेमुळे वाढती मागणी छोट्या कारखान्यांकडे वळली होती. हे कारखाने कमी माणसांत चालत. त्यामुळे फॅक्टरी कायदा त्यांना लागू होत नसे आणि कापड स्वस्त पडे. 18 जानेवारी 1982 रोजी सुरू झालेला संप लांबला, कारण कायद्याने करार करण्याचा अधिकार ज्या संघटनेला होता तिच्यामागे कामगार नव्हते. या काळात काही गिरण्यांनी आपले कापड भिवंडीसारख्या ठिकाणी विणून घेतले. त्यामुळे मालकांवर तडजोडीचा दबाव आला नाही. दीर्घ बंदमुळे अनेक गिरण्या पुन्हा पूर्ण क्षमतेने सुरू झाल्या नाहीत आणि त्यांची मागणी कायमची यंत्रमागाकडे गेली. काम गेलेल्या कामगारांपैकी काही जण इथे आल्याने कुशल हातही मिळाले. म्हणजे संपाने यंत्रमाग व्यवसाय जन्माला घातला नाही, त्याची वाढ वेगाने केली."

आजोबांनी ते दोनदा वाचलं. तारीख एकच आहे, हे त्यांच्या पहिल्यांदा लक्षात आलं.

आजोबा: एकच सन आहे यात, आणि एक दशक. याला पाच?

बाई: साडेचार. हातमाग विणकरांचा मुद्दा राहिला, आणि काही कामगार गावी परत गेले, सगळे इथे आले नाहीत, हेही यायला हवं होतं.

आजोबा: मग सनावळीचा काही उपयोगच नाही म्हणा.

बाई: असं कुठे म्हणाले मी?

आजोबा: मग मी माझं कारण सांगतो. मालकांना गिरण्या चालवायच्याच नव्हत्या. त्यांचा डोळा जमिनीवर होता. आज लालबाग-परळात जाऊन बघा, जिथे भोंगे होते तिथे टॉवर आहेत. संप मोडला तो जमिनीसाठी. हे लिहिलं तर किती देणार?

बाई: आता तुम्हाला सनावळी लागेल. गिरण्यांच्या जमिनी विकसित करायला वाट मिळाली ती 1991 च्या विकास नियंत्रण नियमावलीत, नियम 58 ने. संप 1982 चा. नऊ वर्षांनी आलेला नियम आधीच्या निर्णयाचं कारण होत नाही. गिरण्या नंतर का उघडल्या नाहीत, याला तो चालेल. 1982 मध्ये मालक का वाकले नाहीत, याला नाही.

आजोबा: नियम नंतर आला, पण त्यांच्या मनात आधीपासून होतं.

बाई: असेलही. मग 1991 च्या आधीचं काहीतरी दाखवावं लागेल. एखाद्या मालकाने सरकारकडे केलेला अर्ज, कंपनीच्या अहवालातली ओळ, त्या वेळच्या वर्तमानपत्रातली बातमी. 'आज टॉवर आहेत' हा पुरावा 1982 साठी चालणार नाही. शेवट बघून सुरुवातीचं कारण ठरवणं, ही यादी करण्यापेक्षा मोठी चूक आहे, आणि ती हुशार मुलंच करतात.

आजोबा: आमच्या खात्याच्या मुकादमाने संपाआधीच सांगितलं होतं, मोडतोडीला निघालेले साचे बदलणार नाहीत म्हणून. दोन वर्षं नवा सुटा भाग आला नव्हता.

बाई: हे कामाचं आहे. पैसे गुंतवायचे नव्हते, एवढं त्यातून दिसतं. पण गिरणी बंदच करायची होती की फक्त खर्च टाळायचा होता, हे त्यातून ठरत नाही. आणि जमीन तर त्यात अजून आलेलीच नाही.

आजोबा: म्हणजे अर्धा गुण.

बाई: अर्धा. मुकादमाचं नाव आणि साल लिहिलंत तर पाऊण.

आजोबांनी उत्तरपत्रिका घडी करून खिशात घातली. नातीचे गुण दोनच राहिले. जाताना दारात त्यांनी विचारलं, पुढच्या चाचणीत हाच प्रश्न येणार का. बाई म्हणाल्या, हा नाही, 'भिवंडीत साचे नसते तर गिरणी संपाचा निकाल वेगळा लागला असता का?' हा येणार. आजोबा म्हणाले, वेगळा लागला नसता, सूरत होतं, इचलकरंजी होतं, मालेगाव होतं, कापड तिकडे विणून घेतलं असतं. बाई म्हणाल्या, मुंबईहून मालेगावला बीम न्यायचा आणि कापड परत आणायचं तर मीटरमागे किती पडलं असतं, तो हिशेब घालून लिहा. आजोबांनी जिन्यातच बोटांवर भाडं मोजायला घेतलं.